डिमांड प्लॅनरचं प्रोफाइल सर्चमध्ये आणताना : प्रकल्प नोंदी

४ मार्च

ताईंचं लिंक्डइन प्रोफाइल आज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. त्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या एका कंपनीत बरीच वर्षं डिमांड प्लॅनिंग करतात. पुढच्या काही महिन्यांत कोणता माल किती खपेल याचा अंदाज बांधायचा, विक्री विभागाचा आकडा आणि कारखान्याची क्षमता यांचा मेळ घालायचा आणि महिन्याच्या बैठकीत तो आकडा मंजूर करून घ्यायचा, असं हे काम. अशा माणसांच्या शोधात रिक्रूटर कायम असतात. तरी ताईंना निरोप येतात ते विक्री अधिकाऱ्याच्या जागांचे, नाहीतर कोणाला तरी काहीतरी विकायचं असतं म्हणून.

असं का होतं ते हेडलाइनवरूनच कळतं:

```
Executive – Commercial Operations | Supply Chain Enthusiast
```

पहिला अर्धा भाग म्हणजे कंपनीने दिलेलं पद. कंपनीच्या आत त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, पण बाहेरचा माणूस ते वाचून विक्री विभाग समजतो. दुसरा अर्धा भाग तर कोणीच सर्चमध्ये टाइप करत नाही.

मी सोर्सिंगचं, म्हणजे भरतीसाठी उमेदवार शोधण्याचं काम केलेलं आहे, म्हणून या प्रोफाइलकडे उलट्या बाजूने बघणार आहे. रिक्रूटर प्रोफाइल वाचायला बसण्याआधी सर्चची ओळ लिहितो. त्या ओळीत जे प्रोफाइल सापडत नाही ते उघडलंच जात नाही, मग आतला मजकूर कितीही चांगला असो. तेव्हा आधी ती ओळ तयार करायची, ती ताईंच्या प्रोफाइलवर चालवायची आणि नेमक्या कोणत्या अटीला प्रोफाइल गळतं ते शोधायचं. मजकूर सजवण्याचं काम त्यानंतर.

हात लावण्याआधी दोन गोष्टी केल्या. सगळा जुना मजकूर एका फाइलमध्ये उतरवून ठेवला. आणि सेटिंग्जमध्ये जाऊन प्रोफाइलमधले बदल नेटवर्कला कळवण्याचं बटण बंद केलं. ताई नोकरीत आहेत. रोज नवा बदल सहकाऱ्यांच्या फीडमध्ये झळकला तर नको ते प्रश्न सुरू होतात.

६ मार्च

ताईंना ज्या पातळीवर जायचं आहे त्याच पातळीच्या जाहिराती जमवल्या, सध्याच्या पातळीच्या घेतल्या नाहीत. प्रत्येकीतून फक्त दोनच जागचे शब्द उचलले: पदाचं नाव आणि अत्यावश्यक पात्रतेची यादी. कंपनीची ओळख, ‘वेगवान वातावरण’, ‘उत्साही सहकारी’ वगैरे परिच्छेद सोडून दिले, कारण रिक्रूटर सर्चची ओळ बनवतो ती या दोन जागांवरूनच.

वीसेक जाहिराती झाल्यावर नवे शब्द येणं जवळपास थांबलं. पदाच्या नावात डिमांड प्लॅनर, डिमांड प्लॅनिंग मॅनेजर आणि क्वचित सप्लाय चेन प्लॅनर. पात्रतेत एस अँड ओपी म्हणजे विक्री आणि कारखाना यांचा मेळ घालायची ती मासिक प्रक्रिया, फोरकास्टिंग, फोरकास्ट अ‍ॅक्युरसी, इन्व्हेंटरी, अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल, आणि एसएपी कंपनीच्या एपीओ किंवा आयबीपी या प्लॅनिंग सॉफ्टवेअरपैकी एक. किनॅक्सिस, ब्लू याँडर आणि ओ-नाइन ही नावंही काही ठिकाणी होती. पण ताईंनी ती सॉफ्टवेअर कधी उघडलेलीही नाहीत, म्हणून ती यादीतून काढली.

९ मार्च

माझी एक जुनी सहकारी आता एका मोठ्या कंपनीत भरतीचं काम बघते. तिच्याकडे लिंक्डइन रिक्रूटरचं पैसे भरून घेतलेलं खातं आहे. तिला जमवलेले शब्द दाखवले आणि विचारलं, “या जागेसाठी तू काय टाइप करशील?” तिने दोन मिनिटांत लिहून पाठवलं:

```
("demand planner" OR "demand planning")
AND ("SAP APO" OR "SAP IBP")
AND ("S&OP" OR "sales and operations planning")
NOT (consultant OR intern OR trainee)
```

यातली प्रत्येक खूण काय करते ते ताईंना समजावून सांगितलं, कारण पुढचं सगळं काम यावरच उभं आहे. अवतरणचिन्हांतले शब्द त्याच क्रमाने, एकमेकांना लागूनच यायला हवेत. `OR` म्हणजे यांतलं एखादं असलं तरी चालेल, `AND` म्हणजे दोन्ही बाजू हव्यातच, आणि `NOT` म्हणजे हा शब्द असेल ते प्रोफाइल बाद. हे तिन्ही शब्द मोठ्या लिपीतच लिहावे लागतात. शब्दाच्या शेवटी तारा टाकून ‘plan’पासून सुरू होणारं काहीही चालेल, असं लिंक्डइनवर सांगता येत नाही. त्यामुळे रिक्रूटर दोन-तीन रूपं हाताने लिहितो आणि त्याला न सुचलेलं रूप तुमच्या प्रोफाइलवर असेल तर ते वाया जातं.

सहकारी म्हणाली, “आणि हे आधी नाही बरं का. आधी मी पदाचं आणि ठिकाणाचं फिल्टर लावते. ही ओळ त्याच्यावर.” पदाचं फिल्टर म्हणजे अनुभवाच्या नोंदीतल्या पदाच्या रकान्यात काय लिहिलंय ते. तो प्रश्न वेगळा आहे, त्याकडे नंतर येतो.

११ मार्च

आज खरी तपासणी केली. सहकाऱ्याने तिच्या खात्यात नावाच्या फिल्टरमध्ये ताईंचं नाव टाकलं. मग उत्तर दोनच प्रकारचं येऊ शकतं: एक प्रोफाइल दिसेल, किंवा काहीच दिसणार नाही. त्यानंतर ओळीतली एकेक अट सुटी करून चालवली.

पहिली अट, डिमांड प्लॅनिंग: काहीच नाही. ताईंना पटेना. “अरे, मी ते तीन ठिकाणी लिहिलंय!” लिहिलं होतं हे खरं, पण असं:

```
Demand & Supply Planning
```

वाचणाऱ्या माणसाला यात डिमांड प्लॅनिंग दिसतं. अवतरणचिन्हांतल्या सर्चला दिसत नाही, कारण दोन शब्दांच्या मध्ये आणखी काहीतरी बसलं आहे. गंमत म्हणजे ‘सप्लाय प्लॅनिंग’च्या सर्चमध्ये त्या सापडल्या असत्या, आणि ते काम त्या करतच नाहीत. जागा वाचवण्यासाठी दोन संज्ञा अशा एकत्र जोडण्याची सवय प्लॅनिंगमध्ये, अकाउंट्समध्ये, एचआरमध्ये सगळीकडे आहे. प्रत्येक वेळी त्यातली पहिली संज्ञा सर्चमधून गायब होते.

दुसरी अट, एसएपी: इथेही काही नाही. ताईंनी लिहिलं होतं `APO (DP, SNP)`. ज्याने एपीओवर काम केलंय त्याला डीपी म्हणजे डिमांड प्लॅनिंगचं मॉड्यूल आणि एसएनपी म्हणजे सप्लाय नेटवर्क प्लॅनिंगचं, हे न सांगता कळतं. पण रिक्रूटरने `"SAP APO"` असं मागितलं आहे आणि एपीओच्या आधी एसएपी हा शब्द प्रोफाइलवर कुठेच नाही. आतल्या माणसाला जे लिहायची गरजच वाटत नाही, नेमकं तेच लिहायला हवं असतं.

तिसऱ्या अटीत एक जागा `S & OP` होती, मध्ये मोकळी जागा सोडलेली. अशी चिन्हं सर्च कशी वाचेल याच्या भरवशावर मी राहत नाही. एकदा लघुरूप आणि एकदा पूर्ण नाव, दोन्ही लिहायचं, की प्रश्न मिटतो.

आणि चौथी अट. सगळ्यांत जास्त वेळ तिच्यावर गेला, आणि बहुतेक लोकांना ती माहीतच नसते. रिक्रूटरला कंपनीत राहून प्लॅनिंग करणारा माणूस हवा आहे, सॉफ्टवेअर बसवून निघून जाणारा सल्लागार नको. म्हणून ती `NOT consultant` लिहिते. ताईंच्या अनुभवात एक वाक्य होतं: ‘एसएपी कन्सल्टंट्सबरोबर समन्वय साधला’. खाली आणखी एक: ‘दोन इंटर्न्सना मार्गदर्शन केलं’. ताई कन्सल्टंटही नाहीत आणि इंटर्नही नाहीत, पण हे शब्द प्रोफाइलवर आहेत. `NOT`ला प्रोफाइल बाद करायला तेवढं पुरेसं असू शकतं. लिंक्डइन एकवचन आणि अनेकवचन कुठे एकच धरतं आणि कुठे वेगळं, यावर पैज लावण्यापेक्षा शब्दच बदलणं सोपं. आता तिथे ‘एसएपी इम्प्लिमेंटेशन टीम’ आणि ‘नवीन सहकारी’ असं आहे. अर्थ तसूभरही बदललेला नाही.

आपलं प्रोफाइल कुठल्या शब्दांना सापडतं हे सगळेच विचारतात. कुठल्या शब्दामुळे बाद होतं हे फारसं कोणी विचारत नाही. मला तो प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे एक शब्द बाकीचं सगळं फुकट घालवतो.

१२ मार्च

ताईंनी विचारलं, हे सगळं साध्या खात्यातून करता येईल का? अर्धवट येतं. साध्या खात्यातल्या सर्चचा क्रम बघणाऱ्याच्या ओळखींवर हलतो, त्यामुळे स्वतःच्या खात्यातून स्वतःला शोधून काही कळत नाही. शिवाय फुकट खात्यातून फार सर्च केले की लिंक्डइन त्या महिन्यापुरती मर्यादा घालतं, ती पुढच्या महिन्याच्या एक तारखेला उठते.

ज्यांच्या ओळखीत रिक्रूटर नाही त्यांच्यासाठी मला पटणारी पद्धत अगदी साधी आहे. प्रोफाइलचा सगळा मजकूर, स्किल्ससकट, एका टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवा आणि अवतरणचिन्हांतली प्रत्येक संज्ञा `Ctrl+F` ने शोधा. सापडली नाही तर रिक्रूटरलाही सापडणार नाही. लिंक्डइनवरून प्रोफाइलची पीडीएफ उतरवून मात्र हे करू नका, कारण तिच्यात सगळी स्किल्स येत नाहीत.

१५ मार्च

आज पदाच्या रकान्याचा प्रश्न घेतला. इथे ताई अडल्या, आणि त्यांचं अडणं रास्त होतं. नेमणूकपत्रावर एक पद आहे आणि प्रोफाइलवर दुसरंच लिहिलं, तर उद्या पार्श्वभूमी तपासणीत खोटेपणा ठरेल. पण नुसतं कागदावरचं पद ठेवलं तर पदाच्या फिल्टरमध्ये त्या कधीच येणार नाहीत. आम्ही दोन्ही लिहिलं, कामाचं नाव आधी आणि कागदावरचं कंसात:

```
Demand Planner (Executive – Commercial Operations)
```

यात खोटं काहीच नाही. मात्र ‘मॅनेजर’ हा शब्द जोडायचा नाही असं ठरलं. त्यांच्या हाताखाली माणसं नाहीत, आणि पातळी वाढवून लिहिणं ही काम नेमकेपणाने सांगण्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. जुन्या दोन नोकऱ्यांपैकी एकीत त्या खरोखरच प्लॅनिंग करत होत्या, तिथेही असंच केलं. दुसरी नोकरी वितरणातली होती, ती जशी होती तशीच ठेवली.

हेडलाइनला २२० अक्षरांची मर्यादा आहे. ती भरून काढायची गरज नाही. सर्चच्या यादीत आणि मोबाइलवर सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात, म्हणून पहिल्या चार-पाच शब्दांवर सगळा भर:

```
Demand Planner | Demand Planning, S&OP, Forecasting | SAP APO, Advanced Excel
```

ताईंना हे कोरडं वाटलं. आहेच. पण आधीच्या ओळीपेक्षा त्यांचं काम यात जास्त खरं उतरलं आहे.

१६ मार्च

आज स्किल्सचा भाग. लिंक्डइन १०० स्किल्सपर्यंत जागा देतं आणि ताईंनी ती बऱ्यापैकी वापरली होती: टीमवर्क, लीडरशिप, मायक्रोसॉफ्ट ऑफिस, पब्लिक स्पीकिंग, कॉलेजात केलेलं थोडंसं एचटीएमएल. कामाची सहा-सात स्किल्स या गर्दीत तळाशी गेली होती.

काढताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: या जागेसाठी कोणी हा शब्द फिल्टरमध्ये टाकेल का? टीमवर्क कोणी टाकत नाही. एचटीएमएल टाकतात, पण ते वेगळ्याच जागेसाठी, आणि त्या सर्चमध्ये येऊन ताईंना काहीच फायदा नाही. शेवटी वीसच्या आत आलो.

उरलेली नव्याने भरताना एक पथ्य पाळलं. स्किल टाइप करायला लागलं की खाली लिंक्डइनची स्वतःची यादी उघडते. तिच्यातलंच नाव निवडायचं, कारण रिक्रूटरचं स्किल फिल्टर त्याच यादीवर चालतं. ताईंनी पूर्वी हाताने ‘फोरकास्टिंग अँड प्लॅनिंग एक्स्पर्टाइज’ असं काहीतरी भरलं होतं. ते यादीत नाही, म्हणजे कोणत्याही फिल्टरला जोडलेलं नाही.

मग क्रम लावला. डिमांड प्लॅनिंग सगळ्यांत वर, त्याखाली एस अँड ओपी, फोरकास्टिंग, एसएपी एपीओ, इन्व्हेंटरी मॅनेजमेंट. हीच पाच ‘अबाउट’खालच्या ठळक स्किल्समध्येही टाकली, तिथे पाचांचीच जागा असते. शेवटी प्रत्येक स्किल ते ज्या नोकरीत वापरलं त्या नोंदीला जोडलं. हे बहुतेक लोक सोडून देतात. जोडलेलं स्किल त्या नोकरीच्या खाली दिसतं, आणि प्रोफाइल उघडलेल्या रिक्रूटरला ‘हे कुठे केलं?’ याचं उत्तर तिथल्या तिथे मिळतं. नोंदीच्या मजकुरातही तीच संज्ञा एका खऱ्या वाक्यात आली पाहिजे: किती उत्पादनांचा अंदाज, किती महिन्यांचा, चूक कशाने मोजली.

एंडॉर्समेंटसाठी ताईंनी त्यांच्याबरोबर त्या मासिक बैठकीत बसणाऱ्या दोघा-तिघांनाच विचारलं. शाळेच्या ग्रुपवर लिंक टाकली नाही.

१८ मार्च

आयबीपीवरून आज बराच वेळ बोलणं झालं. जाहिरातींत एपीओपेक्षा आयबीपी जास्त दिसतं, आणि त्याला कारण आहे: एपीओची मुख्य देखभाल एसएपी २०२७ अखेर थांबवतंय, त्यामुळे कंपन्या आयबीपीकडे सरकत आहेत. ताईंच्या कंपनीतही ते काम चालू आहे. ताईंनी नवी प्रणाली वापरकर्ता म्हणून तपासली, चुका नोंदवल्या, पण तिच्यावर एकही महिना प्रत्यक्ष चालवलेला नाही.

“स्किल्समध्ये टाकू का? सगळेच टाकतात.” मी नको म्हटलं. स्किल फिल्टरमधून येणारा रिक्रूटर पहिल्या फोनवर विचारेल, कुठलं प्लॅनिंग व्ह्यू बनवलं, आणि तिथेच बोलणं संपेल. पण तपासणीचं काम खरं आहे आणि ते सांगायलाच हवं. म्हणून अनुभवाच्या नोंदीत वाक्य घातलं:

```
User acceptance testing for migration from SAP APO to SAP IBP
```

आता `"SAP IBP"` असा सर्च करणाऱ्याला ताई सापडतील, आणि सापडल्याबरोबर नेमकं किती येतं तेही कळेल. एखादा शब्द कोणत्या रकान्यात ठेवायचा यातूनही आपण काहीतरी सांगत असतो.

१९ मार्च

ओळ पुन्हा चालवली. बदल सर्चमध्ये उतरायला थोडा वेळ लागतो, म्हणून मुद्दामच लगेच चालवली नव्हती. चारही अटी एकत्र लावून, पदाच्या फिल्टरसकट, ताई दिसतात.

‘ओपन टू वर्क’ फक्त रिक्रूटरना दिसेल असं चालू केलं. त्यात पाच पदांची जागा आहे, आम्ही तीन भरली. आपल्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून हे लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण खात्री देत नाही. हे ताईंना आधी सांगितलं आणि निर्णय त्यांच्यावर सोडला.

२६ मार्च

ताई सुट्टीच्या दिवशी छोट्या उद्योगांना अंदाजाच्या एक्सेल फाइल्स बनवून देतात. तिथले ग्राहक वेगळ्याच शब्दांनी शोधतात. छोट्या कारखान्याच्या मालकाला ‘डिमांड प्लॅनिंग’ ही संज्ञा माहीत असेलच असं नाही. त्याला त्याची अडचण माहीत असते: माल पडून राहतो, किंवा ऐन वेळी संपतो. त्यांच्यासाठी हेडलाइनला हात लावला नाही. त्याऐवजी सर्व्हिसेसचं वेगळं पान उघडलं आणि तिथे एक्सेल, इन्व्हेंटरी, सेल्स फोरकास्ट हे शब्द वापरले. नोकरी देणारा आणि काम देणारा या दोघांना एकाच ओळीत बसवायला गेलं की ओळ दोघांच्याही उपयोगाची राहत नाही.

१९ एप्रिल

‘सर्च अपिअरन्सेस’चा, म्हणजे प्रोफाइल किती सर्चमध्ये दिसलं याचा आठवड्याचा आकडा बघितला. थोडा वाढला आहे, पण मी त्यावर विसंबत नाही. टीमवर्क आणि एचटीएमएल ठेवलं असतं तर तो याहून जास्त वाढला असता. मी बघतो ते शोधणाऱ्यांची पदं. पूर्वी तिथे विक्री प्रतिनिधी आणि विमा सल्लागार दिसायचे, आता टॅलेंट अ‍ॅक्विझिशन आणि सप्लाय चेन प्रमुख दिसतात.

दोन निरोप आले. एक सप्लाय प्लॅनिंगचा, नाकारला. दुसऱ्याने पहिल्याच ओळीत विचारलं: “आयबीपी तुम्ही फक्त तपासलंय, चालवलेलं नाही, बरोबर ना?” ताईंनी “बरोबर” असं उत्तर दिलं. त्याच्या जागेवर वर्षभर एपीओच राहणार होतं. पुढच्या आठवड्यात बोलणं ठरलं आहे.

उरलेलं काम: ताईंच्या कंपनीत आयबीपी सुरू झाल्यावर एक पूर्ण महिन्याचं चक्र त्या चालवतील, त्यानंतर ते स्किल्समध्ये एपीओच्या वर घ्यायचं. तेव्हा जाहिराती पुन्हा जमवायच्या आणि ओळ सहकाऱ्याकडून नव्याने लिहून घ्यायची.